यादीतलं पहिलं काम कोणतं?

गृहनिर्माण सोसायट्यांचा हिशेब ठेवणारं एखादं ॲप डोळ्यांपुढे आणा. दोनशे सोसायट्या ते वापरतात. मेंटेनन्सची बिलं त्यातून निघतात, सभासद मोबाइलवरून पैसे भरतात, खजिनदार महिन्याचा हिशेब त्यातच पाहतो. हे ॲप तीन प्रोग्रामर सांभाळतात आणि त्यांच्यापुढे कामांची एक लांबलचक यादी आहे. या यादीला बॅकलॉग म्हणतात. लेखापरीक्षकाला द्यायचे अहवाल ॲपमधूनच निघावेत, ही खजिनदारांची मागणी. काही सभासदांच्या खात्यातून पैसे जातात पण पावती तयार होत नाही, ही तक्रार. बिलाची आठवण व्हॉट्सॲपवर जावी, बिल मराठीत मिळावं, गेटवर येणाऱ्या पाहुण्यांची नोंद ॲपमध्ये व्हावी, रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून काळ्या पार्श्वभूमीची डार्क थीम असावी. प्रत्येक मागणीमागे कोणीतरी खरा माणूस उभा आहे, आणि हात मात्र तीनच जोड्या.

यातलं आधी काय करायचं हे ठरवायच्या ज्या पद्धती रुळल्या आहेत, त्यातल्या दोन सर्वांत जास्त कानावर पडतात: मॉस्को आणि राइस. मॉस्को कामांचे चार गट पाडते, राइस प्रत्येक कामाला गुण देते. दोन्ही एकाच कामासाठी आहेत असं समजून टीम त्यातली एक निवडतात आणि तिथेच घोटाळा होतो. या दोन पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

मॉस्को पद्धत डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ओरॅकलमध्ये काम करताना मांडली. पुढे डीएसडीएम नावाच्या कार्यपद्धतीने ती उचलली आणि तिला शिस्त लावली. मस्ट म्हणजे ज्याच्याशिवाय चालणारच नाही ते. शुड म्हणजे महत्त्वाचं, पण नसलं तर त्रास काढून का होईना निभावेल असं. कुड म्हणजे जमलं तर उत्तम. आणि वोन्ट म्हणजे या खेपेला नाही. शेवटच्या गटातलं ‘या खेपेला’ फार महत्त्वाचं आहे, कारण ही सगळी वाटणी एका ठरलेल्या मुदतीपुरतीच असते. मुदत हलणार नाही, माणसं वाढणार नाहीत, तेव्हा वेळ कमी पडला तर काय सोडायचं, एवढंच मॉस्को ठरवते.

आपल्या टीमला अशी मुदत आहे. महाराष्ट्रात सहकारी सोसायट्यांचं लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत व्हावं लागतं. लेखापरीक्षकांना हाताशी वेळ हवा, म्हणून टीमने एप्रिल आणि मे हे दोन महिने धरले. आठ आठवडे आणि तीन माणसं, म्हणजे चोवीस माणूस-आठवडे.

पहिल्या बैठकीत सगळे मस्ट म्हणतात. लेखापरीक्षणाचे अहवाल दहा आठवड्यांचं काम, ते मस्ट. पावतीचा घोळ सहा आठवडे, तोही मस्ट. व्हॉट्सॲपची आठवण चार आठवडे. सेल्सचा माणूस सांगतो की दोन मोठ्या सोसायट्या त्यावरच अडून बसल्या आहेत, म्हणून तीही मस्ट. मराठी बिल चार आठवडे, ते मागणाऱ्या खजिनदारांचे फोन रोज येतात, म्हणून तेही. बेरीज बरोबर चोवीस! कागदावर सगळं बसलं आणि टीम खूश होऊन उठली. पण हे नियोजन पहिल्याच आठवड्यात मोडणार. एखादा प्रोग्रामर आजारी पडला, बँकेच्या पेमेंट गेटवेने चाचणीला वेळ लावला, की काहीतरी सोडावं लागणार, आणि सोडता येईल असं यादीत काहीच उरलेलं नाही.

म्हणूनच मस्टची कामं एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, असं डीएसडीएम सांगते. चोवीसचे ६० टक्के म्हणजे चौदा आठवडे आणि वर थोडं. राहिलेले चाळीस टक्के शुड आणि कुडचे. तीही कामं करायचीच असतात, पण अंदाज चुकला तर ती मागे सरतात आणि मस्टला जागा देतात. मॉस्कोचा जीव या आकड्यात आहे. तो न पाळणारी टीम चार गटांची नावं तेवढी वापरते.

मस्ट कमी करायला एक प्रश्न पुरतो: हे काम झालं नाही, तर आपण ही आवृत्ती रद्द करू का? ‘ग्राहक नाराज होतील’ हे उत्तर चालत नाही, कारण नाराज ग्राहकासाठी पर्यायी वाट काढता येते. व्हॉट्सॲपची आठवण नसली तर खजिनदार सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः मेसेज टाकेल. कंटाळवाणं आहे, पण होईल, म्हणून ते शुड. मराठी बिल कुड. लेखापरीक्षणाचा अहवाल मात्र नसेल तर खजिनदार पुन्हा एक्सेलकडे वळेल आणि मग हे ॲप कशाला, असं विचारेल. तो मस्टच. पण तो सबंध नव्हे. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक आठ आठवड्यांत होतं, वरचे दोन आठवडे गेल्या वर्षीशी तुलना दाखवणाऱ्या आलेखांचे. आलेख कुडमध्ये गेले. पावतीचे सहा धरून मस्ट आता चौदा आठवड्यांवर आला. शुड चार, कुड सहा. पाहुण्यांची नोंद आणि डार्क थीम या खेपेला नाही.

मोठं काम फोडून त्यातला अटळ भाग वेगळा काढणं, ही या पद्धतीतली सर्वांत कसबाची गोष्ट मला वाटते. बैठकीतली बहुतेक भांडणं तिथेच मिटतात, कारण दोन माणसं एकाच नावाखाली दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत असतात.

मॉस्को लंगडी पडते ती मुदत नसते तेव्हा. वर्षभर चालणाऱ्या बॅकलॉगवर हे चार शिक्के मारून ठेवले, तर काही महिन्यांत मस्टमध्ये चाळीस कामं साचतात आणि त्यातलं पहिलं कोणतं हे कोणीच सांगू शकत नाही. गटाच्या आत क्रम लावायची सोय तिच्यात नाही. शिवाय कोणतं काम कुठल्या गटात जाणार हे शब्दांवर ठरतं, आकड्यांवर नाही. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा किंवा हुद्दा वरचा, त्याचं काम वर सरकतं.

ही खोट भरून काढायला राइस आली. इंटरकॉम या कंपनीत शॉन मॅकब्राइड यांनी ती तयार केली. चार आकडे मांडायचे. रीच म्हणजे ठरावीक काळात, समजा तीन महिन्यांत, किती लोकांना हे काम भिडेल. इम्पॅक्ट म्हणजे त्या प्रत्येकाला किती फरक पडेल. त्यासाठी पाचच पायऱ्या आहेत: ३, २, १, ०.५ आणि ०.२५. कॉन्फिडन्स म्हणजे या अंदाजांची किती खात्री आहे: १००, ८० किंवा ५० टक्के. या तिन्हींचा गुणाकार करायचा आणि एफर्टने, म्हणजे लागणाऱ्या माणूस-महिन्यांनी, भागायचं. येईल तो गुण.

आता तीच यादी राइसवर घालू. व्हॉट्सॲपची आठवण तीन महिन्यांत आठ हजार कुटुंबांना जाईल, इम्पॅक्ट १, खात्री ८० टक्के, काम एका महिन्याचं. गुण ६,४००. डार्क थीम सहा हजार जण वापरतील असं धरू, इम्पॅक्ट सर्वांत कमी म्हणजे ०.२५, खात्री ५० टक्के, काम अर्ध्या महिन्याचं. गुण १,५००. पैसे जाऊन पावती न मिळण्याचा घोळ तीन महिन्यांत तीनशे जणांना भोगावा लागतो, इम्पॅक्ट ३, खात्री १०० टक्के, दीड महिना. गुण ६००. लेखापरीक्षणाचा अहवाल दोनशे खजिनदारांसाठी, इम्पॅक्ट ३, खात्री १०० टक्के, दोन महिने. गुण ३००.

म्हणजे लोकांचे पैसे अडकताहेत आणि गणित सांगतं की आधी पडदा काळा करा. आकडेमोडीत कुठेही चूक नाही. इम्पॅक्टची पट्टी ०.२५ पासून ३ पर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त बारापट ताणता येते. रीचला मात्र वरची मर्यादा नाही, तो शंभर असेल किंवा एक लाख. त्यामुळे थोड्या लोकांचं मोठं दुखणं पुष्कळांच्या बारीक सोयीपुढे हरतं. अंध वापरकर्त्यांची अडचण आणि सुरक्षेतली भोकं राइसच्या यादीत तळाशी सापडतात ती याचमुळे, आणि मला ही या पद्धतीची सर्वांत गंभीर खोट वाटते. त्यात इथे रीचची मापंही मिसळली आहेत. एकीकडे कुटुंबं मोजली, दुसरीकडे खजिनदार. एक खजिनदार नाराज झाला तर सबंध सोसायटी ॲप सोडते, हे त्या दोनशेच्या आकड्यात दिसत नाही.

दुसरी खोट वेळेची. लेखापरीक्षणाच्या अहवालाचे गुण एप्रिलमध्ये ३०० आणि ऑक्टोबरमध्येही ३००. उशीर झाला तर काय बिघडेल, याला या सूत्रात जागाच नाही. राइसचे गुण हा कडक नियम मानू नये, दुसरं काम एखाद्यावर अवलंबून असेल किंवा एखादी गोष्ट ग्राहकाला गृहीत हवीच असेल तर खालचं काम आधी घ्यावं, असं मूळ मांडणीतच म्हटलेलं आहे. टीम सूत्र उचलतात आणि ही सूचना मागे सोडतात.

तिसरी गोष्ट अंदाजांची. व्हॉट्सॲपच्या आठवणीचा इम्पॅक्ट १ ऐवजी ०.५ निघाला आणि काम एकाऐवजी दोन महिन्यांचं झालं, तर ६,४०० चे १,६०० होतात. दोन साध्या, रोज होणाऱ्या चुका, आणि गुण चौपट खाली. गुणाकारात चुकाही गुणल्या जातात. कॉन्फिडन्सचा आकडा याला आवर घालेल असं वाटतं, पण ५० टक्के खात्री गुण फक्त निम्मे करते, आणि निव्वळ मनाने बांधलेला अंदाज दहापटही चुकू शकतो. म्हणून ज्या दोन कामांच्या गुणांत दुपटीपेक्षा कमी फरक आहे, ती बरोबरीची धरावीत आणि त्यांच्यात बोलून निवड करावी. आपल्याला हवं ते काम वर येईपर्यंत कोणी इम्पॅक्टचा आकडा हलवत असेल, तर तेही ओळखता येतं. एका कामाचे आकडे बैठकीनंतर बदलतात आणि बदलाचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं.

मग वापरायचं काय? आपल्या टीमपुरतं बोलायचं तर पावतीचा घोळ आणि मुदतीचे अहवाल गुणांच्या स्पर्धेत उतरवायचेच नाहीत. एप्रिल-मेचं नियोजन मॉस्कोने, ६० टक्क्यांची मर्यादा पाळून. जूनपासून, मुदतीचा दाब उतरला की, उरलेल्या सुधारणांचा आपसातला क्रम राइसने लावायचा. तिथे सगळ्या कामांचा रीच एकाच मापात, म्हणजे कुटुंबांतच मोजायचा आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला हे लिहायचं. ‘आठ हजार: ज्यांचे मोबाइल नंबर नोंदवलेले आहेत ती कुटुंबं’ ही नोंद तपासता येते. नुसते आठ हजार तपासता येत नाहीत. व्हॉट्सॲपची सोय सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी मेसेज किती कुटुंबांना पोहोचले आणि त्यानंतर आठवडाभरात किती जणांनी बिल भरलं, हे दोन आकडे काढून त्याच ओळीत जुन्या अंदाजाशेजारी लिहायचे. पुढच्या खेपेला मेसेज पाठवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कामाचा इम्पॅक्ट ठरवताना टीम आधी ती ओळ उघडून पाहते.