वाढले किती, वाचवले किती?

दर तिमाहीच्या शेवटच्या दिवशी एक्सेलमध्ये एक रकाना भरायचा: वर मालमत्ता, खाली कर्जे, वजाबाकी म्हणजे नक्त संपत्ती. घराची किंमत खरेदीचीच ठेवावी. शेजाऱ्याचा फ्लॅट कितीला गेला यावर आपला आकडा फुगवणे म्हणजे मनातले मांडे.

एका घराचे उदाहरण घेऊ. मार्च ते जून नक्त संपत्ती १,३५,००० रुपयांनी वाढली. आता ती फोडून पाहा. म्युच्युअल फंड ९०,००० ने वाढला, पण त्यात एसआयपीचे ३०,००० होते. उरलेले ६०,००० बाजाराने दिले. पीएफमध्ये २४,००० जमा झाले. गृहकर्जाचे हप्ते ६७,८०० गेले, तरी मुद्दल फक्त २१,००० ने उतरले, बाकीचे व्याज. म्हणजे स्वतःची भर ७५,०००.

पुढच्या तिमाहीत बाजार पडला आणि फंडाने ७०,००० गमावले. भर तेवढीच असूनही नक्त संपत्ती जेमतेम ५,००० ने वाढली. नुसती शेवटची ओळ पाहणारा इथे घाबरून एसआयपी बंद करतो.

म्हणून ‘स्वतःची भर’ आणि ‘बाजाराची चढउतार’ अशा दोन ओळी वेगळ्या ठेवा. माझ्या मते पहिलीच खरी प्रगती दाखवते. ती घटली, तर बहुधा खर्च वाढलेला असतो किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी साचलेली असते. कार्डाची रक्कम कर्जात लिहायला लोक हमखास विसरतात. ३० तारखेला तीच आधी लिहा.