बाटलीच्या गळ्याचा आणि भिंतीचा आलेख

पाण्याची पेटची बाटली वरपासून खालपर्यंत एकाच प्लास्टिकची असते. तरी तिच्या गळ्यातून आणि मधल्या पातळ भिंतीतून एकेक तुकडा कापून डीएससी यंत्रात तापवला, तर दोन तुकड्यांचे आलेख एकमेकांपासून ठळक वेगळे येतात. डीएससी म्हणजे डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री. पदार्थ ठरावीक गतीने तापवताना तो किती उष्णता घेतो किंवा सोडतो, ते मोजण्याची ही पद्धत. पदार्थ कोणता हे तर तिच्या आलेखावरून कळतेच, पण त्या पदार्थाला आजवर कसे तापवले, ताणले आणि थंड केले हेही कळते. गळा आणि भिंत यांच्यातला फरक या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

यंत्रात दोन छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्या शेजारी शेजारी ठेवतात. एकीत ५ ते १० मिलिग्रॅम नमुना असतो, दुसरी रिकामी असते. नायट्रोजनच्या मंद प्रवाहात दोन्ही वाट्या एकाच गतीने, बहुधा मिनिटाला १० अंश सेल्सिअस, तापवत नेतात. त्या गतीने वाढणाऱ्या तापमानाबरोबर राहण्यासाठी नमुन्याच्या वाटीला रिकाम्या वाटीपेक्षा किती जास्त किंवा कमी उष्णता लागते, तो फरक मिलिवॉटमध्ये नोंदला जातो. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर हा उष्णताप्रवाह, असा आलेख तयार होतो.

आलेख हाती आल्यावर पहिल्यांदा पाहायची ती उभ्या अक्षाची दिशा. काही यंत्रांत उष्णता सोडणारी घटना वर दिसते, काहींत खाली. त्यामुळे चांगल्या आलेखावर ‘उष्मादायी वर’ किंवा ‘उष्मादायी खाली’ अशी खूण असतेच, आणि ती नसेल तर स्फटिकीकरण आणि वितळणे यांची सरळ अदलाबदल होऊ शकते. इथे उष्मादायी दिशा वर धरली आहे.

आता गळ्याचा तुकडा. बाटली बनवताना आधी चाचणीनळीसारखा जाड प्रीफॉर्म साच्यात ओततात आणि झपाट्याने थंड करतात. पेटच्या साखळ्यांना रांगेत लागून स्फटिक बनवायला वेळ लागतो, आणि तो इथे मिळत नाही. साखळ्या गुंतलेल्या अवस्थेतच गोठतात. नंतर प्रीफॉर्म तापवून फुगवतात, पण आटे असलेला गळा तेव्हा थंडच ठेवला जातो. म्हणून साध्या बाटलीचा गळा शेवटपर्यंत अस्फटिकी राहतो.

समजा या गळ्याचा ८ मिलिग्रॅमचा तुकडा ३० अंशांपासून २८० अंशांपर्यंत तापवला. सुरुवातीच्या काही अंशांत रेषा एक हिसका घेऊन स्थिरावते. तो तापवण्याची गती पकडतानाचा यंत्राचा हिसका आहे, नमुन्याचा नव्हे, आणि तो वाचायचा नसतो. त्यानंतर रेषा जवळजवळ सपाट चालते आणि ७५ ते ८० अंशांच्या आसपास एक पायरी उतरते. हे काचसंक्रमण. या तापमानाखाली साखळ्या जागच्या जागी थरथरतात, पण सरकू शकत नाहीत. त्याच्या वर साखळ्यांचे मोठे तुकडे हलू लागतात. हालचालीची ही नवी मुभा मिळाली की तेवढेच तापमान वाढवायला जास्त उष्णता लागते, म्हणजेच विशिष्ट उष्णता वाढते. इथे काही वितळत नाही, म्हणून टेकडी किंवा दरी येत नाही. रेषा एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाते आणि तिथेच राहते.

ही पायरी किती लहान असते ते आकड्याने कळेल. पूर्ण अस्फटिकी पेटची विशिष्ट उष्णता काचसंक्रमणात ग्रॅममागे दर अंशाला साधारण ०.४ जूलने वाढते. ८ मिलिग्रॅम नमुना आणि मिनिटाला १० अंश या गतीसाठी हिशेब केला, तर पायरीची उंची जेमतेम अर्धा मिलिवॉट भरते. वितळण्याची दरी पूर्ण दिसेल एवढ्या मापात आलेख काढला की ही पायरी डोळ्यांतून निसटते. त्यामुळे तो भाग वेगळा मोठा करून पाहावा लागतो. मग पायरीच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही सरळ रेषा पुढे वाढवतात आणि पायरीच्या निम्म्या उंचीवरचे तापमान काचसंक्रमण म्हणून नोंदतात. तापवण्याची गती वाढवली तर हे तापमान काही अंशांनी वर सरकते. म्हणून गती न सांगता दिलेले काचसंक्रमण अर्धवट माहिती ठरते.

पायरीच्या टोकाशी अनेकदा एक छोटी, खाली जाणारी चोच दिसते, आणि नवशिका वाचक तिला वितळणे समजतो. बाटली महिनोन्‌महिने कपाटात पडून असताना गोठलेल्या साखळ्या अतिशय मंदपणे अधिक दाटीने बसतात आणि थोडी ऊर्जा गमावतात. काचसंक्रमण ओलांडताना ती ऊर्जा एकदम परत घेतली जाते. याची खात्री करणे सोपे आहे. नमुना १०० अंशांपर्यंतच नेऊन लगेच थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा. पायरी राहते, चोच नाहीशी होते. खरे वितळणे असे पुसले जात नाही.

पायरीनंतर रेषा काही काळ शांत असते. मग १३० अंशांच्या आसपास ती वर उचलली जाते आणि एक टेकडी बनते. आता साखळ्यांकडे हालचालीची मुभा आहे आणि वेळही आहे. साच्यात घाईने थंड करताना जे राहून गेले, ते स्फटिकीकरण इथे होते आणि उष्णता बाहेर पडते. थंड नमुना तापवताना हे घडते म्हणून याला शीत स्फटिकीकरण म्हणतात. पायरी आणि टेकडी यांच्यामधला तो शांत पट्टा कारखान्यासाठी मोलाचा आहे. प्रीफॉर्म १०० अंशांच्या जवळपास तापवून फुगवतात ते याच पट्ट्यात: साखळ्या ताणल्या जाण्याइतक्या मोकळ्या झालेल्या असतात आणि स्फटिक होऊन प्लास्टिक पांढरे पडण्याची वेळ अजून आलेली नसते.

टेकडीनंतर २५० अंशांच्या आसपास एक खोल दरी येते. हे वितळणे. दरी टोकदार नसते, पसरट असते, कारण पॉलिमरमधले स्फटिक लहान-मोठ्या जाडीचे असतात आणि पातळ स्फटिक आधी वितळतात. शुद्ध धातूसाठी दरी जिथे सुरू होते ते तापमान वितळणबिंदू मानतात. यंत्राची पारख करायला वापरतात तो इंडियम १५६.६ अंशांना असाच एका ठोक्यात वितळतो. पॉलिमरच्या दरीची सुरुवात मात्र इतकी हळुवार असते की तिथे बोट ठेवणे कठीण, म्हणून दरीच्या तळाचे तापमान देतात.

टेकडी आणि दरी यांचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण उष्णता. समजा गळ्याच्या नमुन्यात टेकडीचे क्षेत्रफळ ग्रॅममागे ३३ जूल आणि दरीचे ४२ जूल भरले. दरीत वितळलेले बहुतेक स्फटिक काही मिनिटांपूर्वी टेकडीतच जन्मलेले होते, बाटलीत नव्हते. बाटलीत मुळात किती होते ते हवे असेल, तर ४२ मधून ३३ वजा करायचे. उरलेल्या ९ जूलना १४० ने भागायचे, कारण पूर्ण स्फटिकी पेट वितळायला ग्रॅममागे सुमारे १४० जूल लागतात असे मानले जाते. उत्तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. वजाबाकी विसरली तर तेच उत्तर ३० टक्के होते आणि अस्फटिकी गळा कागदावर चांगला स्फटिकी ठरतो. डीएससीच्या अहवालांत ही चूक वारंवार सापडते.

साडेसहा टक्क्यांवरही पूर्ण विश्वास ठेवू नये. टेकडी संपल्यानंतर, वितळण्यापर्यंतच्या लांब पल्ल्यात स्फटिक हळूहळू सुधारत आणि वाढत राहतात. त्यांची उष्णता इतक्या मंदपणे सुटते की ती पायारेषेत मिसळून जाते आणि टेकडीच्या हिशेबात येत नाही. शिवाय १३० अंशांना स्फटिक होताना सुटणारी उष्णता, तेवढेच स्फटिक २५० अंशांना वितळताना लागणाऱ्या उष्णतेपेक्षा कमी असते. दोन्ही कारणांनी वजाबाकीचे उत्तर खऱ्यापेक्षा मोठे येते. एवढ्याशा आकड्यावरून ‘गळ्यात थोडे स्फटिक आहेत’ असे म्हणण्याआधी क्ष-किरण विवर्तनाने पडताळून पाहणे योग्य.

आता भिंतीचा तुकडा. फुगवताना ही भिंत उभी आणि आडवी ताणली गेली, साखळ्या एका दिशेत आल्या आणि ताणामुळेच लहान स्फटिक बनले. ते इतके बारीक असतात की बाटली पारदर्शकच राहते. हिच्या आलेखात काचसंक्रमणाची पायरी बुटकी आणि पसरट दिसते, कारण हलू शकणारा अस्फटिकी भाग कमी उरला आहे आणि जो उरला तोही स्फटिकांमध्ये जखडलेला आहे. मोठी टेकडी नाहीशी झालेली असते. फार तर एखादा उथळ उंचवटा दिसतो. दरी मात्र गळ्याइतकीच असते. ती समजा ४४ जूलची आली आणि वजा करायला काहीच नसले, तर स्फटिकता ३१ टक्के निघते. म्हणजे दोन्ही दऱ्या जवळजवळ सारख्या आणि नमुने मात्र पूर्ण वेगळे. नुसत्या वितळण्याकडे पाहणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

नमुना भरताना झालेली चूकही आलेखावर उमटते. गळ्याचा तुकडा वक्र असतो. तो वाटीच्या तळाला नीट टेकला नाही, तर उष्णता उशिरा पोचते. मग काचसंक्रमणानंतर मऊ होऊन तो तळावर बसतो तेव्हा रेषेला अचानक एक झटका बसतो. खरी घटना काही अंशांवर पसरलेली असते, हा झटका मात्र अगदी अरुंद असतो, आणि दुसऱ्या तुकड्यात तो त्याच तापमानाला येत नाही. १०० अंशांच्या आगेमागे लांबट, उथळ खळगा दिसला तर ओलाव्याचा संशय घ्यावा. प्रयोगानंतर वाटीचे पुन्हा वजन केले की तो खरा की खोटा ते ठरते. पेट आधी वाळवूनच तपासावे, कारण वितळलेल्या अवस्थेत पाणी त्याच्या साखळ्या तोडते आणि मग पुढची तापणी बदललेल्या पदार्थाची होते.

पहिली तापणी संपल्यावर नमुना २८० अंशांना काही मिनिटे ठेवून वितळवतात, मिनिटाला १० अंशांनीच थंड करतात आणि पुन्हा तापवतात. वितळल्यामुळे साच्याचा, ताणाचा आणि कपाटातल्या महिन्यांचा इतिहास पुसला गेलेला असतो. गळा आणि भिंत यांचे दुसऱ्या तापणीचे आलेख एकमेकांवर ठेवले तर जवळपास जुळतात. ते जुळले, तर प्लास्टिक एकच आहे आणि पहिल्या तापणीतला फरक घडणीतून आलेला आहे. दुसरी तापणीही जुळली नाही, तर एका तुकड्यात वेगळ्या प्रतीचे पेट, मिसळ किंवा तुटलेल्या साखळ्या असण्याची शक्यता तपासावी लागते. म्हणून बाटली कशी घडली हे विचारायचे असेल तर पहिली तापणी वाचावी आणि ती कशाची बनली आहे हे विचारायचे असेल तर दुसरी. अहवालातल्या प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या तापणीतला आहे हे लिहिलेले असावे.