ड्युराच्या वर की खाली?

सुरुवातीलाच सांगतो, मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही. पण गेल्या सेमिस्टरला माझ्या रूम पार्टनरच्या डोक्याचा सीटी स्कॅन बघायची वेळ आली आणि त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते सगळ्यांना माहीत असावं असं वाटलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

पार्टनर दिव्याचा. शनिवार-रविवार घरी जातो. दिव्याला संध्याकाळी लोकलमधून उतरणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. ९ जून २०२५ ला पुढच्याच मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलमधून दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्याच दिवशी चौघांचा जीव गेला, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. आमच्या पठ्ठ्याचं प्रकरण त्यामानाने अगदीच किरकोळ दिसत होतं. उतरताना मागून रेटा आला, तो आडवा पडला आणि उजवी कानशिलं प्लॅटफॉर्मच्या फरशीवर आपटली. अर्धा मिनिट भान नव्हतं. मग उठला, कपडे झटकले, लोकांनी दिलेलं पाणी प्यायला, "काही नाही झालं" म्हणाला आणि चालत घरी गेला. घरी चहाही घेतला.

दीड तासाने डोकं ठणकायला लागलं. दोन उलट्या झाल्या. मग तो झोपाळला आणि असंबद्ध बोलायला लागला. काकूंना वाटलं, दमलाय, झोपू दे. शेजारच्या मावशी नर्स आहेत, त्यांनी मोबाईलचा टॉर्च डोळ्यांत मारला. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती आणि उजेडाने लहान होत नव्हती. मावशींनी कुणालाही विचारलं नाही, सरळ गाडी मागवली. रात्री ऑपरेशन झालं. आज तो माझ्या शेजारच्या कॉटवर बसून सबमिशन उतरवतोय.

दोन दिवसांनी मी भेटायला गेलो. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, पंचाहत्तरीचे. तेही डोक्याला लागूनच आलेले, पण त्यांना लागलं होतं साडेतीन आठवड्यांपूर्वी, बाथरूममध्ये घसरून. तेव्हा टेंगूळही आलं नव्हतं. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. हळूहळू ते नावं विसरायला लागले, डावा पाय ओढत चालायला लागले. घरचे म्हणाले, वय झालं. दोघांचेही स्कॅन निवासी डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून दाखवले. पार्टनरच्या कवटीच्या आत, उजव्या बाजूला, दोन्हीकडून फुगीर भिंगासारखा पांढराशुभ्र डाग. आजोबांच्या उजव्या बाजूला मेंदूवर पांघरूण घातल्यासारखी लांबलचक चंद्रकोर, आणि तीही पांढरी नाही, करडी-काळपट.

दोन्ही रक्तच. मग आकार, रंग आणि वेळ एवढी वेगळी का? मॅडम म्हणाल्या, "एक ड्युराच्या वर आहे, एक खाली. बाकी सगळं त्यातून येतं."

मेंदूवर तीन आवरणं असतात. सर्वांत बाहेरचं ड्युरा मॅटर, जाड आणि चिवट, कॅनव्हाससारखं. त्याखाली अरॅक्नॉइड, कोळ्याच्या जाळ्यासारखं नाजूक. आणि अगदी मेंदूला चिकटून, प्रत्येक घडीत शिरलेलं, पाया मॅटर. अरॅक्नॉइड आणि पाया यांच्यामध्ये पाण्यासारखा द्रव खेळत असतो आणि मेंदू त्यात तरंगतो.

आता महत्त्वाची गोष्ट. ड्युरा कवटीला आतून चिकटलेला असतो. कवटी आणि ड्युरा यांच्यामध्ये निरोगी माणसात जागाच नसते, ती जबरदस्तीने करावी लागते. ती कोण करतं? कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला, हाडातल्या खाचेतून, एक धमनी जाते: मिडल मेनिंजिअल आर्टरी. हाड तडकलं की ही धमनी फाटू शकते. धमनीतला सरासरी दाब साधारण १०० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १३६ सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. एवढा दाब मागे असला की रक्त ड्युराला हाडापासून सोलत जातं.

प्लायवूडवर सनमायका चिकटवताना खाली हवा राहिली तर काय होतं ते आठवा. फुगवटा मध्ये उंच होतो आणि कडांना चिकटपणा त्याला अडवतो. तेच भिंग. आणि कवटीची हाडं जिथे एकमेकांना सांधलेली असतात तिथे ड्युरा फारच घट्ट बसलेला असतो. म्हणून हा डाग सहसा सांधा ओलांडत नाही. याला एपिड्युरल रक्तस्राव म्हणतात, म्हणजे ड्युराच्या वरचा.

आता खाली उतरू. ड्युरा आणि अरॅक्नॉइड यांच्यामधलं बंधन अगदी कमकुवत असतं. तिथल्या पेशींचा थर सहज सुटतो. पाण्याने भिजलेल्या दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये आणखी पाणी सोडा, ते फुगवटा न करता पसरत जाईल. रक्तही तसंच अख्ख्या अर्ध्या मेंदूवर पसरतं आणि चंद्रकोर तयार होते. हाडांचे सांधे त्याला अडवत नाहीत, कारण ते सांधे ड्युराच्या पलीकडे राहिले. मात्र मेंदूच्या दोन अर्धांमध्ये ड्युराचाच एक पडदा खाली उतरलेला असतो. तो पडदा या रक्ताला अडवतो. वरच्या रक्ताला तोच पडदा अडवू शकत नाही, कारण ते रक्त पडद्याच्या मुळाच्या बाहेर असतं. म्हणजे स्कॅनवर डाग कुठे थांबलाय ते बघून तो कुठल्या थरात आहे हे ओळखता येतं.

खालचं रक्त येतं बहुतेक वेळा शिरांमधून. मेंदूच्या पृष्ठभागावरून ड्युरामधल्या मोठ्या शिरेकडे बारीक शिरा पुलासारख्या जातात. डोकं जोरात हलून एकदम थांबलं की मेंदू किंचित पुढे सरकत राहतो आणि या पुलांवर ताण येतो. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, पूल आधीच ताणलेले असतात, त्यामुळे साध्या घसरण्यानेही एखादा तुटतो. शिरेतला दाब फारच कमी असतो, म्हणून गळती संथ. शिवाय आक्रसलेल्या मेंदूभोवती जागा असते, म्हणून आठवडे निघून जातात. साचलेल्या रक्ताभोवती एक नवा पापुद्रा तयार होतो. त्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा पाझरतात आणि साठा वाढतो. गंमत म्हणजे या पापुद्र्याला रक्त पुरवतात त्याच मिडल मेनिंजिअल आर्टरीच्या फांद्या. म्हणून आता काही रुग्णांत कॅथेटर घालून ही धमनी बंद करतात. २०२४ मध्ये त्यावरच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

रंगाचं कोडंही सोपं आहे. सीटी स्कॅनवर ताजी गुठळी मेंदूपेक्षा दाट म्हणून पांढरी दिसते. पुढे ती विरघळते आणि काही आठवड्यांत मेंदूपेक्षा काळी होते. मधल्या काळात, साधारण एक ते तीन आठवड्यांत, तिचा रंग मेंदूसारखाच होतो आणि ती नजरेतून सुटू शकते. (हे यंत्र बनवणारे हाउन्सफील्ड इंजिनीअर होते बरं का. १९७१ मध्ये पहिला रुग्ण स्कॅन झाला, १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.)

मग पार्टनर दीड तास ठीक कसा होता? पहिलं अर्धा मिनिट भान गेलं ते धक्क्याने, मग मेंदू सावरला. दरम्यान रक्त साचत होतं. कवटी बंद डबा आहे. आतला मेंदू, द्रव आणि रक्त यांची बेरीज ठरलेली. आधी द्रव आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकून नव्या रक्ताला जागा करून देतात, त्यामुळे दाब फारसा वाढत नाही. ती सोय संपली की थोड्याशा आकारमानाने दाब झपकन वाढतो. आलेख आडवा जाता जाता एकदम उभा होतो. आडव्या भागात माणूस चहा पितो. उभ्या भागात मेंदूचा काही भाग बाजूला व खाली ढकलला जातो आणि डोळ्याच्या बाहुलीची नस दाबली जाते. म्हणून त्याच बाजूची बाहुली मोठी होते.

पार्टनरच्या डागाची लांबी ६ सेंटिमीटर, रुंदी ३, आणि स्कॅनच्या कापांवरून उंची ४. मॅडमनी लगेच गुणाकार करून निम्मे केले: ३६ मिलिलिटर. मी घरी येऊन तपासलं. लंबवर्तुळाकार घनाचं आकारमान π/६ गुणिले तिन्ही अक्ष, आणि π/६ म्हणजे जवळपास अर्धं! ३० मिलिलिटरच्या वरचा एपिड्युरल डाग रुग्ण शुद्धीत असला तरी काढावा, असा सर्जनांचा मार्गदर्शक नियम आहे. त्यासाठी कवटीचा तुकडा उघडून गुठळी काढली, धमनी बंद केली. आजोबांचं रक्त पातळ झालेलं होतं, त्यामुळे कवटीला भोक पाडून नळीने निचरा केला. चौथ्या दिवशी त्यांनी नातवाला नावाने हाक मारली.

पण हे पुस्तकी चित्र दर वेळी जमत नाही. मधला "ठीक" काळ एपिड्युरलच्या सगळ्या रुग्णांत दिसत नाही. खालचा रक्तस्रावही तरुणांत, जोराच्या अपघातात, काही तासांत जीवघेणा होतो. बऱ्याचदा तो वरच्यापेक्षा वाईट ठरतो, कारण त्यात मेंदूलाच मार बसलेला असतो. आणि फार लवकर काढलेल्या स्कॅनमध्ये डाग छोटा असू शकतो, तो पुढे वाढतो.

मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या. त्या हसत उठल्या, मदत नाकारली. तासाभराने डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. शवविच्छेदनात एपिड्युरल रक्तस्राव निघाला. बर्फ असो की दिव्याचा प्लॅटफॉर्म, धमनी तीच.

म्हणून हॉस्टेलमध्ये कुणी जिन्यावरून पडला, बॅटचा फटका बसला, तर "मी ठीक आहे" हे उत्तर त्या क्षणापुरतंच धरा. चोवीस तास त्याला एकटं सोडू नका, दारू पाजू नका, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा उलटी झाली, झोपेतून उठवणं कठीण झालं, बोलणं बिघडलं, फीट आली, एक हात-पाय कमजोर झाला किंवा बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तर वॉर्डन सरांना उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन दोन्ही असतील अशाच ठिकाणी न्या, नाहीतर मधल्या दवाखान्यात वेळ जातो. आणि घरी आजी-आजोबा पडले असतील, तर महिन्याभरानेही त्यांची चाल किंवा आठवण बदलली की "वय झालं" म्हणण्याआधी एक स्कॅन करून घ्या.

पार्टनर आता दिव्याला पूर्ण गाडी थांबल्यावर, गर्दी ओसरल्यावर उतरतो. शेजारच्या मावशींना दर वेळी हॉस्टेलच्या नाक्यावरचे पेढे घेऊन जातो. मावशी पेढा घेतात आणि आधी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारतात.