निकेलचा लाल साका काचेवर का चढतो?
निकेलच्या किंचित आम्लधर्मी, गरम द्रावणात डायमिथाइलग्लायॉक्झाइमचे १ टक्का अल्कोहोली द्रावण घातले तरी लगेच फारसे काही दिसत नाही. मग ढवळत, थेंबाथेंबाने विरळ अमोनिया घालावा. मंद वास येऊ लागेपर्यंत सुंदर गुलाबी-लाल साका तयार होतो. आम्लता उरली तर निकेल पूर्ण उतरत नाही. अमोनिया फार झाला तर साका थोडा विरघळतो.

हा साका हलका, फुगीर आणि पाण्याने न भिजणारा असतो. म्हणून तो पृष्ठभागावर तरंगत काचेवर चढतो आणि वजन कमी भरते. खरा उपाय म्हणजे निकेल २५ ते ३० मिलिग्रॅमच घेणे आणि बीकर वा गाळणीची मूस काठोकाठ न भरणे. चिकटलेला साका रबरी टोकाच्या कांडीने उतरवावा. वाळवलेल्या ०.१२३० ग्रॅम साक्यात ०.२०३२ या गुणकाने ०.०२५० ग्रॅम निकेल निघते.