द्राक्षांनी घातलेलं कोडं

एक कुत्रा मूठभर द्राक्षं खाऊन मजेत हिंडतो, तर दुसऱ्याची मूत्रपिंडं तेवढ्याच द्राक्षांनी दोन-तीन दिवसांत बंद पडतात. या विचित्रपणाने पशुवैद्यांना जवळजवळ वीस वर्षं चकवलं. द्राक्षांवरच्या फवारणीवर संशय गेला, बुरशीवरही गेला. पण घरच्या, न फवारलेल्या वेलीची द्राक्षं खाऊनही कुत्री आजारी पडत होती.

धागा सापडला तो मुलांच्या खेळण्यातल्या कणकेत. अमेरिकेतल्या एएसपीसीए संस्थेच्या विषबाधा केंद्राकडे आलेल्या एका प्रकरणात कुत्र्याने घरी मळलेली ही कणीक खाल्ली होती, आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षांच्या विषबाधेची होती. कणकेत 'क्रीम ऑफ टार्टर' होतं, म्हणजे टार्टरिक आम्लाचा क्षार. हेच आम्ल द्राक्षांतही असतं. २०२१ मध्ये तिथल्या पशुवैद्यांनी हा अंदाज जाहीरपणे मांडला. आम्लाचं प्रमाण जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलतं, कच्च्या द्राक्षात जास्त असतं; एक कुत्रा सुटतो आणि दुसरा अडकतो, त्याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

मग माणसाला काही का होत नाही? मूत्रपिंडाच्या पेशींमधून अशी आम्लं बाहेर काढणारं एक वाहक प्रथिन माणसाकडे असतं, कुत्र्याकडे नसतं. आम्ल पेशीत शिरतं आणि साचून तिला मारतं. प्रयोगशाळेत कुत्र्याच्या मूत्रपिंडपेशींना माणसाचं ते प्रथिन दिल्यावर त्या या आम्लापुढे तग धरू शकल्या.

आपल्याकडे यात एक नाव जोडायला हवं: चिंच. तिच्यात टार्टरिक आम्ल भरपूर असतं आणि ती खाल्लेल्या कुत्र्यांचीही मूत्रपिंडं बिघडल्याची नोंद आहे. तेव्हा बेदाणे घातलेला शिराच नव्हे, चिंचेचा कोळही कुत्र्यापासून दूरच बरा.

चॉकलेटची गोष्ट निराळी. तिथे प्रश्न वेगाचा आहे. त्यातलं थिओब्रोमीन निम्मं व्हायला कुत्र्याच्या शरीरात सुमारे साडेसतरा तास लागतात. माणसाचं काम त्याच्या निम्म्याहून कमी वेळात होतं. दहा किलोच्या कुत्र्याने शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट फस्त केलं, तर पोटात अंदाजे पाचशे मिलिग्रॅम जातं, म्हणजे किलोमागे पन्नास. एवढ्यात हृदयाची लय बिघडू शकते. साठाच्या पुढे झटके येऊ शकतात. तेवढ्याच मिल्क चॉकलेटने बहुधा उलट्या-जुलाब आणि अस्वस्थता यांवर भागतं.

द्राक्षांच्या बाबतीत खरा धोका पहिल्या दिवसाच्या उलट्या थांबल्यावर येतो. कुत्रं सावरल्यासारखं वाटतं, पण रक्तातलं क्रिएटिनिन वर चढत असतं आणि लघवी कमी होऊ लागते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्यावं: पहिल्या काही तासांत ते औषधाने उलटी करवतात, मग दोन दिवस सलाईन आणि रक्ततपासण्या. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय मात्र करू नये. रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच कुत्रं दगावू शकतं.