शेवटच्या चाळीस सेकंदांतले दहा गुण

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सराव सामने झाले. लागोपाठ दोन दिवस, आणि संघ तेच: इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. पहिला सामना पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२–१३१ असा जिंकला, दुसरा १३०–१०६ असा. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज केली तर पहिल्या दिवशी २६३ आणि दुसऱ्या दिवशी २३६. मैदान तेच, खेळाडू बहुतेक तेच, आणि बेरजेत २७ गुणांचा फरक.

सामना चालू असताना ही बेरीज कुठे जाऊन थांबेल, हा अंदाज बुकी तर बांधतातच. त्यांचा आकडा दर काही सेकंदांनी हलत असतो. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे २०२५च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो बाजार बाजूला ठेवू. पण त्यामागचं गणित ज्याला खेळ नीट बघायचा आहे त्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. फलकावर दिसणाऱ्या आकड्यात खरा किती आणि योगायोगाचा किती, हे त्यातून कळतं.

पहिल्यांदा सुचतं ते त्रैराशिक. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा. २४ मिनिटांत १३० गुण झाले, तर ४८ मिनिटांत २६०. क्रिकेटच्या प्रक्षेपणात चालू धावगतीवरून ‘इतक्या धावा होतील’ असं दाखवतात, तशीच ही रीत. बास्केटबॉलमध्ये ती दोन ठिकाणी फसते: मध्यंतराला एका कारणाने आणि शेवटच्या दोन मिनिटांत अगदी वेगळ्या कारणाने.

मध्यंतराचं आधी बघू. गुण मिनिटांमुळे होत नाहीत, पझेशनमुळे होतात. एका संघाच्या हातात चेंडू आला, त्यांनी टोपलीत टाकला, चुकवला किंवा गमावला आणि चेंडू दुसऱ्यांकडे गेला, की एक पझेशन संपलं. मग दुसऱ्यांची पाळी. पाळी आलटून पालटून येत असल्यामुळे दोन्ही संघांची पझेशन जवळपास सारखीच होतात. म्हणून बेरजेचे दोन भाग पडतात: पझेशन किती झाली आणि प्रत्येक पझेशनमागे गुण किती आले. अलीकडच्या एनबीएत प्रत्येक संघाला सामन्यात साधारण शंभर पझेशन मिळतात आणि दर पझेशनला १.१ ते १.१५ गुण येतात. बेरीज २२०–२३०च्या आसपास घोटाळते ती त्यामुळेच.

हा अंदाज मुळात शक्य झाला तो शॉट क्लॉकमुळे. १९५० साली फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९–१८ असं हरवलं होतं, कारण चेंडू कितीही वेळ हातात धरून बसायला कुणाची मनाई नव्हती. १९५४ पासून २४ सेकंदांत शॉट घेण्याची सक्ती आली. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांचा हिशेब सोपा होता: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० शॉट घेतात आणि सामन्याचे सेकंद २८८०, म्हणजे एका शॉटला २४ सेकंद. त्या दिवसापासून खेळाच्या गतीला एक तळ मिळाला.

आता एक काल्पनिक सामना घेऊ. मध्यंतराला फलक ६८–६२, बेरीज १३०. सामन्याआधीचा अंदाज होता २२६. पडद्यावरच्या तक्त्यात दोन्ही संघांचे मिळून ८६ शॉट, २४ फ्री थ्रो, आक्रमणात मिळवलेले १० रिबाउंड आणि १३ टर्नओव्हर दिसतात. पझेशन मोजायची रूढ रीत अशी: शॉट घ्यायचे, त्यात फ्री थ्रोंना ०.४४ने गुणून मिळवायचं, आक्रमणातले रिबाउंड वजा करायचे (चेंडू त्याच संघाकडे राहिला, पाळी संपली नाही) आणि टर्नओव्हर मिळवायचे. फ्री थ्रो अर्ध्याने न धरता ०.४४ने धरायचे, कारण सगळेच फ्री थ्रो जोडीने येऊन पाळी संपवत नाहीत. टोपली झाल्यावर मिळणारा जादा एक फ्री थ्रोही त्यात असतो. इथे उत्तर येतं सुमारे १००. दोघांची मिळून शंभर, म्हणजे प्रत्येकी ५०. गती अगदी नेहमीची आहे! वाढलेत ते दर पझेशनचे गुण, १.३०.

मग तक्त्यातली थ्री-पॉइंटरची ओळ बघायची. ३४ पैकी १७ आत गेलेत, निम्मे. एनबीएत हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास असतं, त्या हिशेबाने १२ जायला हवे होते. जादाचे पाच, म्हणजे १५ गुण. ते झालेत, ते फलकावरून कुणी काढून घेणार नाही. पण दुसऱ्या अर्धात पुन्हा तसेच होतील असं धरायला आधार नाही. नेमबाजीचा उमाळा ओसरतो, गती मात्र बऱ्यापैकी टिकते, कारण ती संघांच्या सवयीतून येते. म्हणून दुसऱ्या अर्धाला ९८ पझेशन आणि १.१५ गुण धरले तर ११३ येतात आणि अंदाज होतो २४३. त्रैराशिकापेक्षा १७ कमी.

हेच १३० गुण ११२ पझेशनमध्ये झाले असते, तर दर पझेशनला १.१६ म्हणजे नेमबाजी नेहमीचीच ठरली असती आणि गतीच जोरदार निघाली असती. मग पुढेही १०६ पझेशन धरता आली असती आणि अंदाज २५०च्या वर गेला असता. फलक दोन्हीकडे एकच, भाकितं वेगळी. माझ्या मते मध्यंतराला बघण्यासारखी याहून मोलाची गोष्ट नाही.

पण शेवटची दोन मिनिटं आली की हे सगळं मागे पडतं. तोवर घड्याळ आणि गुण यांचं नातं बरंचसं स्थिर असतं, मिनिटाला पाचेक गुण. आता ते नातं दोन संघांमधल्या फरकावर ठरू लागतं. मागे असलेल्या संघाला गुणांपेक्षा सेकंदांची जास्त टंचाई असते. पुढे असलेला संघ २४ सेकंद चेंडू खेळवत राहिला तर सामना तिथेच संपतो. म्हणून मागचा संघ मुद्दाम फाउल करतो. घड्याळ थांबतं, समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात आणि चेंडू परत आपल्याकडे येतो. वर चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत टोपली झाल्यावरही घड्याळ थांबतं.

आपल्याच सामन्यात पुढे जाऊ. ४० सेकंद उरलेत, फलक १२१–११६, बेरीज २३७, चेंडू पुढच्या संघाकडे. त्रैराशिक म्हणतं, अजून तीन-साडेतीन गुण, म्हणजे २४०. घडतं असं. ३६व्या सेकंदाला फाउल, दोन्ही फ्री थ्रो आत, १२३–११६. मागचा संघ धावत येतो, २९ सेकंद उरले असताना थ्री-पॉइंटर, १२३–११९. २५ सेकंद असताना पुन्हा फाउल, दोनपैकी एक आत, १२४–११९. १९ सेकंदांवर सोपी दोन गुणांची टोपली, १२४–१२१. १५ सेकंदांवर फाउल, दोन्ही आत, १२६–१२१. मागच्यांचा थ्री-पॉइंटर रिंगवर आपटतो, रिबाउंड समोरच्याला मिळतो, उरलेल्या सेकंदांत पाच गुण भरून निघणार नाहीत म्हणून कुणी फाउल करत नाही, आणि भोंगा वाजतो. बेरीज २४७. ४० सेकंदांत दहा गुण, नेहमीच्या गतीच्या तिप्पट. फाउल, दोन फ्री थ्रो आणि घाईचा शॉट असा एक फेरा दहाएक सेकंदांत उरकतो आणि त्यातून अडीच गुण निघतात. शिवाय पुढचा संघ अशा वेळी आपले सगळ्यांत भरवशाचे फ्री थ्रो मारणारे खेळाडू मैदानात ठेवतो आणि चेंडू त्यांच्याच हातात देतो.

हा फेरा सुरू होणार की नाही, याची खूण फरकात आहे. चार ते आठ गुणांचा फरक आणि मिनिटभर वेळ असेल तर तो जवळजवळ ठरलेला. एक-दोन गुणांचा फरक आणि ३५–४० सेकंद असतील तर मागचा संघ फाउल न करता बचाव करतो, कारण २४ सेकंदांनंतरही त्याला एक पाळी मिळणार असते. फरक पंधरावर गेला की दोन्हीकडचे मुख्य खेळाडू बाकावर जाऊन बसतात, शेवटची पाळी कुणी खेळतही नाही आणि बेरीज त्रैराशिकाच्याही खाली थांबते.

दुसरी खूण संघाच्या फाउलची संख्या. एनबीएत क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. तोवर तेवढे फाउल झाले नसतील, तरी शेवटच्या दोन मिनिटांतल्या दुसऱ्या फाउलपासून मिळतात. म्हणजे मागच्या संघाचे आधी तीनच फाउल झाले असतील, तर त्याचा पहिला मुद्दाम फाउल गुणांविना जातो आणि वर तीन-चार सेकंद खातो. टीव्हीवर गुणांशेजारी ‘बोनस’ लिहिलेलं असतं ते याचसाठी. शेवटच्या मिनिटात माझी नजर आधी तिकडे जाते.

बरोबरी असेल तेव्हा एकच आकडा सांगणं फसवं ठरतं. ओव्हरटाइम पाच मिनिटांचा असतो आणि त्यात सहज वीस-बावीस गुण भरतात. शक्यता चारात एक धरली, तर सरासरीत पाच-साडेपाच गुण वाढतात. पण प्रत्यक्षात साडेपाच कधीच वाढत नाहीत. एक तर काहीच वाढत नाही किंवा वीस वाढतात. तीन गुणांनी पुढे असलेला संघ अगदी शेवटच्या सेकंदांत स्वतःच फाउल करतो तोही यासाठी: दोन फ्री थ्रो दिलेले परवडतात, बरोबरी साधणारा थ्री-पॉइंटर परवडत नाही. फ्री थ्रोंनी बेरीज एक-दोनने वाढते, पण वीस गुणांची शक्यता जवळपास मिटते.

शेवटच्या या फाउलबाजीने सामना रेंगाळतो, ही तक्रार जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. अमेरिकेतले प्राध्यापक निक एलम यांनी त्यावर तोडगा सुचवला: शेवटी घड्याळ बंद करा आणि लक्ष्य ठरवा, जो आधी गाठेल तो जिंकला. २०२० मध्ये शिकागोच्या एनबीए ऑल-स्टार सामन्यात तो वापरला. तीन क्वार्टरनंतर फलक १३३–१२४ होता. कोबी ब्रायंटच्या स्मरणार्थ आघाडीच्या गुणांत २४ मिळवून लक्ष्य ठेवलं १५७. घड्याळच नसल्यामुळे वेळ वाचवण्यासाठी फाउल करण्यात काही अर्थ उरला नाही, आणि अंदाजाचा निम्मा भाग आधीच कळला: जिंकणाऱ्याचे गुण १५७ किंवा एखाददुसरा जादा. उरला प्रश्न फक्त हरणाऱ्याच्या गुणांचा. अँथनी डेव्हिसने फ्री थ्रोवर सामना संपवला तेव्हा ते होते १५५.