ताई हसली, पण कशी?

'ताई हसली.' कथेत एवढंच लिहिलं तर वाचकाला तिचे ओठ हलल्याचं कळतं, मनातलं कळत नाही. मग लेखक एखादा शब्द जोडतो. मराठीत असे शब्द भरपूर आहेत, पण ते सगळे एका जातीचे नाहीत.

काही शब्द आवाज सांगतात. खुदकन हसणं क्षणात संपतं, म्हणून 'ती बराच वेळ खुदकन हसत होती' हे वाक्य खटकतं. खो खो हसणाऱ्याला त्या घडीला धड बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या तोंडी लांबलचक संवाद शोभत नाही. काही शब्द चेहरा दाखवतात: गालातल्या गालात हसणं, ओठ मुडपून हसणं, दात विचकणं. तिसऱ्या जातीचे शब्द थेट निवाडा देतात: कुत्सित, छद्मी, लाघवी. फिदीफिदी हा शब्द वरवर आवाजाचा वाटतो, पण हसणाऱ्याबद्दलची नाराजीही त्यात असते. 'मुली फिदीफिदी हसत होत्या' असं लिहिलं की सांगणारा वैतागलेला आहे, हे वाचकाला कळतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. अतिहसितात आवाज चढतो, डोळ्यांत पाणी येतं, हात कुशीवर जातात. नटाला हे करून दाखवायचं असल्यामुळे तिथे शरीराची खूण नेमकी सांगितली आहे. कथाकारालाही तीच खूण उपयोगी पडते.

समजा, भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागायला बहिणीकडे आला आहे. 'ताई कुत्सितपणे हसली' असं लिहिलं, की निकाल लागून गेला. वाचकाला ताडायला काही उरलं नाही. 'ताई कसनुसं हसली' म्हटलं तर ती अवघडलेली दिसते, बहुधा सहीही करेल. आता हे वाचा: 'ताईचे ओठ हसले. डोळे मात्र कागदावरच होते. "चहा घेशील ना?" तिने विचारलं.' इथे राग आहे की दुःख, हे वाचक स्वतः ठरवतो आणि पुढचं पान उलटतो.

म्हणजे 'कुत्सित' शब्द टाकाऊ आहे असं नाही. कथा भावाच्या नजरेतून चालली असेल, तर 'ताई कुत्सित हसल्यासारखं त्याला वाटलं' यातून त्याच्या मनातली टोचणी दिसते. निवाड्याचा शब्द वापरताना तो निवाडा कोणाचा, एवढं लेखकाला पक्कं माहीत हवं.

आणि पानापानावर कोणी ना कोणी मंद, मिस्कील, गूढ हसू लागलं, की एकही हसू लक्षात राहत नाही. आधीच्या चार ओळींनी प्रसंग उभा केला असेल, तर नुसतं 'ताई हसली' पुरेसं असतं.